बॅनरवर "नवा अवतार" आणि गिऱ्हाइकं विचारतायत दुकान विकलं काय : बेळगावातल्या एका कॉलेज फेस्टचं प्रकरण

मी टिळकवाडीत डिझाईन आणि छपाईचं काम करते. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडच्या कॉलेजांचे फेस्टचे बॅनर, टी-शर्ट, पासेस दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडं येतात. खाली लिहिलेलं प्रकरण त्यातलंच आहे. कॉलेज, दुकानं आणि माणसं यांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. लिहावंसं वाटलं कारण थीम म्हणून "रीइन्व्हेंट" आता सगळीकडं चाललंय आणि ही थीम दिसते तेवढी सोपी नाही, निदान स्पॉन्सरच्या बॅनरवर तरी नाही.

पार्श्वभूमी

कॉलेज बेळगाव शहरातलं, पोरं निम्मी मराठी, निम्मी कन्नड, थोडी कोकणी आणि उर्दू बोलणारी. फेस्ट फेब्रुवारीच्या शेवटी. कमिटीनं थीम ठरवली रीइन्व्हेंट, म्हणजे स्वतःला नव्यानं घडवणं. सात स्पॉन्सर मिळाले होते, त्यातल्या चौघांना रस्त्यावर लावायचे मोठे बॅनर कबूल केलेले, शहापुरातलं एक जुनं साडीचं दुकान, उद्यमबागमधली एक फाउंड्री, एक कुंदावाले आणि एक कॉम्प्युटर क्लास. बाकी तिघांचे लोगो फक्त टी-शर्टच्या पाठीवर. साडीवाले मुख्य स्पॉन्सर, चाळीस हजार रुपये, त्यातले निम्मे आधी दिलेले आणि निम्मे फेस्ट झाल्यावर.

टी-शर्ट २४० होते, नेव्ही ब्ल्यू, १८० जीएसएमचं कॉटन, पुढं घोषवाक्य आणि मागं लोगो, सगळं पांढऱ्या एकाच रंगात स्क्रीन प्रिंट. एकच रंग हा माझा आग्रह होता, कारण स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन बनवावी लागते आणि गडद कापडावर रंगीत लोगो उठून दिसायचा तर त्याच्याखाली आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे सात लोगोंचे सात रंग धरले की खर्च पोरांच्या हाताबाहेर जातो. हा निर्णय पुढं फार कामाला आला, ते नंतर येईल.

घोषवाक्यं कमिटीनं स्वतः लिहून आणली. थीमचं मराठी त्यांनी केलेलं "पुनराविष्कार". बॅनरसाठी एकच ओळ, सगळ्या स्पॉन्सरना तीच, "पुनराविष्काराचा उत्सव, आता नवा अवतार!" आणि खाली स्पॉन्सरचं नाव. टी-शर्टला "मी नव्याने घडलो". मी तेव्हा एवढंच म्हटलं की पुनराविष्कार हा शब्द बॅनरला जड आहे, कापडावर त्यातला ष्क भरून जातो आणि रस्त्यानं जाणारा माणूस तो अर्धाच वाचतो. पोरांनी मग पहिली अर्धी ओळ काढली आणि राहिलं "आता नवा अवतार!" मी फाईल करून दिली. अर्थाकडं मी बघितलंच नाही, अक्षरांकडं बघत बसले, हे आज लिहिताना मला लागतं.

अडचण

बॅनर फेस्टच्या नऊ दिवस आधी लागले. दुसऱ्याच दिवशी दुपारी साडीवाल्या काकांचा कमिटीच्या पोराला फोन, आणि त्यानं घाबरून मला केला. काका फोनवर ओरडत नव्हते, पण आवाज बसलेला होता. त्यांचं म्हणणं असं, की सकाळपासून चार गिऱ्हाइकं येऊन विचारून गेली, काय वो, दुकान दुसऱ्यानं घेतलं काय? एका बाईनं तर विचारलं, पहिले मालक कुठं गेले. वडिलांनी चालू केलेलं दुकान, काका स्वतः चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेले, आणि लग्नसराईच्या तोंडावर गावात बोलणं उठलं की दुकान विकलं.

मी संध्याकाळी स्वतः जाऊन रस्त्याच्या पलीकडं उभी राहून तो बॅनर वाचला. मोठ्या अक्षरात "आता नवा अवतार!" आणि त्याच्या खाली दुकानाचं नाव. फेस्टचं नाव डाव्या कोपऱ्यात, कॉलेजचा लोगो त्याहून लहान. आपल्या बाजारात "नव्या रूपात", "नवा अवतार", "नव्या जागेत" हे शब्द लोक कुठं वाचतात? दुकानाचं नूतनीकरण झालं तर, हॉटेलचं व्यवस्थापन बदललं तर, जागा हलली तर. म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात त्या शब्दांचा अर्थ आधीच पक्का बसलाय आणि आपण दुकानाच्या नावाच्या वर तेच शब्द टांगले. गिऱ्हाइकांनी अगदी बरोबर वाचलं होतं.

इथं मला नीट कळलं की गोष्ट कर्त्याची आहे. "आता नवा अवतार" ह्या ओळीला कर्ताच नाही, कोणाचा अवतार ते लिहिलेलं नाही. मग ओळीच्या सगळ्यात जवळ जे नाव असेल तेच कर्ता होऊन बसतं. टी-शर्टवर ती ओळ असती तर कर्ता तो शर्ट घालणारा पोरगा झाला असता आणि काहीच बिघडलं नसतं. बॅनरवर कर्ता झालं दुकान. पोरांच्या डोक्यात थीम फेस्टची होती, बॅनरवर ती दुकानाला जाऊन चिकटली. आणि साठ वर्षं जुन्या दुकानाला "नव्यानं घडलं" म्हणणं म्हणजे आधीचं बरोबर नव्हतं असं म्हणण्यासारखंच आहे. काकांना तेच लागलेलं. ते म्हणाले, "आमचं जुनं काय वाईट होतं गं पोरी?"

दुसरी अडचण त्याच दिवशी टी-शर्टच्या सँपलवर निघाली. व्हॉलंटियरची कॅप्टन मुलगी होती, तिनं सँपल हातात घेतला आणि शांतपणे विचारलं, "ताई, घडलो? आम्ही काय घालायचं?" सव्वाशेच्या वर मुली होत्या त्या २४० मध्ये. कमिटीत कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण ओळ लिहिणारे तिघंही मुलगे होते.

काय काय करता आलं असतं

त्या रात्री कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलो, कमिटीचे सहाजण, त्यांचे एक सर आणि मी. बॅनरबाबत पहिला विचार सरळ होता, फक्त काकांचा बॅनर उतरवायचा आणि बाकीचे तसेच ठेवायचे. खर्च सगळ्यात कमी. पण फाउंड्रीच्या बॅनरवर पण तीच ओळ होती आणि फाउंड्रीकडनं माल घेणाऱ्यांनी मालक बदलले असं समजणं हे साडीच्या दुकानापेक्षा महाग पडतं, तिथं ऑर्डरी वर्षवर्षाच्या असतात. त्यांचा फोन आला नव्हता एवढंच.

दुसरा विचार, ओळ तीच ठेवून वर फेस्टचं नाव मोठं करायचं, म्हणजे कर्ता फेस्ट होईल. हा मला आधी पटलेला. पण माप घेतल्यावर जमेना. बॅनर १० फूट बाय ४ फूट. २०२४ मध्ये कर्नाटकात जी दुरुस्ती झाली त्यात दुकानांच्या नावाच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या अर्ध्यात, असा नियम आहे. तो पाट्यांचा नियम आहे, पण आपल्या गावात रस्त्यावरच्या बॅनरला पण लोक तीच फूटपट्टी लावतात, आणि कॉलेजला वाद नको होता, म्हणून आम्ही तसंच धरून चालतो. मग ४८ इंच उंचीतले २९ इंच कन्नडला गेले, उरले १९. त्यात मराठी ओळ, लोगो, तारीख आणि कडेची मोकळी जागा. मराठी ओळीला हाताशी राहतात फार तर ७ इंच. अक्षराची उंची १ इंच असली तर साधारण १० फुटांवरून बरं वाचता येतं असा आमच्या धंद्यातला अंदाज आहे, म्हणजे ७ इंचाचं अक्षर ७० फुटांवरून. गाडीवरून जाणाऱ्याला त्याहून कमी चालत नाही. त्यातही देवनागरीत वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार गेल्यावर मधलं मुख्य अक्षर आणखी बारीक होतं, त्यामुळं मी ७ च्या खाली जायला तयार नव्हते. रुंदीत १२० इंच, कडा सोडून १००, म्हणजे सोळा-सतरा अक्षरं, त्यातही शब्दांमधली जागा धरायची. फेस्टचं नाव मोठं करायला जागाच नव्हती.

तिसरा विचार होता सगळ्यांची ओळ काढून टाकून फक्त नाव आणि शुभेच्छा ठेवायच्या. सुरक्षित होतं. सरांना हाच आवडला. पण पोरांनी स्पॉन्सरना थीमवर घोषवाक्य देऊ असं पत्रात लिहून दिलेलं, आणि काकांनी पैसे त्यासाठीच दिले असं नाही पण शब्द तो शब्द.

चौथा, प्रत्येक स्पॉन्सरला त्याची स्वतःची ओळ. वेळ लागणार, चार बॅनर नव्यानं छापायचे. इकडं पीव्हीसी फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळं कापडावरच छापायचं, आणि कापडाला शाई बसायला, वाळायला वेळ लागतो, चार बॅनरला दोन दिवस धरावे लागतात. नऊ दिवसांतले दोन गेलेले. मी छपाई मूळ खर्चात करून देते म्हटलं कारण निम्मी चूक माझीच होती. हा मार्ग ठरला.

टी-शर्टला पर्याय असे आले. अर्ध्यांवर "घडलो" अर्ध्यांवर "घडले" छापायचं. ऐकायला बरं, पण पाच साइझचे दहा ढीग होतात आणि वाटपाच्या दिवशी मुलीला एल साइझमध्ये "घडलो"च उरलाय असं हमखास होतं. "घडलो/ले" असं तिरकी रेघ मारून लिहायचं, हे कोणालाच आवडलं नाही, सरकारी फॉर्मसारखं दिसतं. "घडूया" म्हटलं तर लिंगाचा प्रश्न सुटतो पण मग ते प्राचार्यांच्या भाषणातलं वाक्य होतं, शर्ट घालणाऱ्याचं स्वतःचं राहत नाही.

केलं काय

आधी स्पॉन्सरकडं. मी आणि दोन पोरं प्रत्येकाकडं जाऊन बसलो आणि एवढंच विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुमच्याकडं काय बदललं, आणि काय कधीच बदलणार नाही. उत्तर लिहून घेतलं त्यांच्याच शब्दांत.

काका म्हणाले, डिझाइनं बदलली, आता मोबाईलवर फोटो टाकतो, पण माल परत घ्यायचा शब्द बापाच्या वेळचाच. पोरानं लगेच वहीत लिहिलं "नाव तेच, रूप नवं". दुसऱ्या कुठल्याही गावात ही ओळ चालली असती, चांगलीच आहे. पण बेळगावात? १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बदलून बेळगावी झालं, आणि तेव्हापासून इथं बॅनरवर "नाव तेच" असं वाचलं की ते दुकानाबद्दल आहे असं कोणीही समजणार नाही. एकाला ते आव्हान वाटेल, दुसऱ्याला टाळ्या माराव्याशा वाटतील, आणि दोन्हीत काकांचा काय संबंध? त्यांना साड्या विकायच्या आहेत, दोन्ही भाषांच्या बायकांना. काकांनी स्वतःच मान हलवली, "नाव बिव नको वो त्यात."

मग ओळ झाली

तोच विश्वास, नवं पाऊल

दहा अक्षरं, ७ इंचात आरामात. यात जे बदललं नाही ते आधी येतं आणि बदललेलं नंतर, त्यामुळं दुकान विकलं असा अर्थ निघायला वावच नाही. कन्नड ओळीला कमिटीतल्या एका पोरानं लिहिलं "हळे नंबिके, होस हेज्जे", म्हणजे जुना विश्वास, नवं पाऊल. कन्नडच्या मॅडमनी ती वाचून थांबवलं. नंबिके म्हणजे विश्वास हे खरं, पण हळे नंबिके म्हटलं की जुन्या समजुती असंही वाचलं जातं, अंधश्रद्धेला मूढनंबिके म्हणतात तोच शब्द. त्यांनी सुचवलं "अदे विश्वास, होस हेज्जे", अदे म्हणजे तोच. विश्वास कन्नडमध्येही चालतोच, आणि वरच्या ओळीत आणि खालच्या ओळीत एकच शब्द दोन लिप्यांत आला. काकांना हे सगळ्यात जास्त आवडलं, दोन्ही ओळी बोट फिरवून वाचल्या.

फाउंड्रीत बसलो तो तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पोरं आधीच लिहून आलेली, "साचा मोडा, नवे घडा". मालकांनी वाचलं, काही बोलले नाहीत आणि आत मोल्डिंगच्या जागी घेऊन गेले. वाळूचा साचा कसा करतात ते दाखवलं, वस्तूच्या आकाराचा पॅटर्न ठेवून भोवती वाळू दाबायची, पॅटर्न काढायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडूनच कास्टिंग बाहेर काढायचं. समोर एक फोडला पण, काळी वाळू भसकन खाली आणि आत गरम वाफ मारणारा तुकडा. म्हणाले, "साचा तर आम्ही रोजच मोडतो की. ती वाळू परत चाळून उद्याच्या साच्याला. न मोडणारा तो पॅटर्न, आणि माप." पोरांच्या ओळीत साचा मोडणं हे बंड होतं, त्यांच्याकडं ते रोजचं काम. त्यातूनच ओळ निघाली

रोज नवा साचा. माप तेच.

कन्नडला "दिना होस अच्चु, अळते अदे". अच्चु म्हणजे साचा, अळते म्हणजे माप. रीइन्व्हेंट ह्या थीमचं इतकं नेमकं वाक्य आम्हाला कँटीनमध्ये बसून आयुष्यात सुचलं नसतं, आणि ते फाउंड्रीवाल्यांनी स्वतःच सांगितलेलं असल्यानं त्यावर त्यांचा आक्षेप असायचं कारणच नव्हतं.

कुंदावाल्यांनी उलटंच सांगितलं. काय बदललं? डबा बदलला. बाकी काय नाही आणि बदलणार पण नाही, दूध तितकाच वेळ आटवायचं, रंग येईपर्यंत हलवत राहायचं, त्यात नवीन काय घालू म्हणता? पोरं जरा हिरमुसली, थीमला हा स्पॉन्सर बसतच नाही असं वाटलं. मला वाटलं हाच बसतो. सगळी थीम बदलाची असताना जो बदलणार नाही म्हणतो त्याचं तेच वाक्य करायचं

सगळं बदलू. कुंदा सोडून.

कॉम्प्युटर क्लासला तेवढं बसावं लागलं नाही, त्यांची ओळ त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलणारी होती, "नवं शिक. नवी वाट धर." आज्ञार्थ असल्यानं मुलगा-मुलगी प्रश्न नाही आणि कर्ता वाचणारा, क्लास नाही.

आता टी-शर्ट. पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडात "कात टाकली" आलं, मराठीत रीइन्व्हेंटला याहून चांगला शब्दप्रयोग नाही. पण "मी" लावून म्हटलं की लगेच सगळे जुन्या गाण्याची चाल लावून म्हणायला लागले, आणि दुसऱ्याची ओळ छातीवर घालून आपण नव्यानं घडलो म्हणणं मला बरं वाटेना. सोडून दिलं. पण त्यातून एक गोष्ट हाताला लागली. "मी घडलो" मध्ये क्रियापद माझ्याप्रमाणं बदलतं. "मी कात टाकली" मध्ये ते कात ह्या शब्दाप्रमाणं चालतं, बोलणारा मुलगा असो की मुलगी. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो तोच. म्हणजे मी + काहीतरी वस्तू + भूतकाळाचं क्रियापद असं वाक्य केलं की ते सगळ्यांच्या छातीवर बसतं. कॅप्टन मुलीनं टेबलावर हात आपटला, "मग त्याच साच्यात दुसरं घाला की ताई."

मग पोरांनी भराभर घातलं. "मी पाटी पुसली" आली, कोरी पाटी ह्या अर्थानं, मला फार आवडली होती. पण सर म्हणाले, थांबा, आपल्या गावात पाटी पुसली म्हटलं की काय दिसतं डोळ्यापुढं? काळं फासलेले बोर्ड. खरंच की. भाषेच्या भांडणात इथं पाट्यांना काळं फासलेलं सगळ्यांनी बघितलंय, आणि मिश्र कॉलेजात तो शर्ट घालून बसमधनं घरी जाणाऱ्या पोराला कोणी काय विचारेल सांगता येत नाही. काढली. "मी उंबरा ओलांडला" ही मुलींना आवडली, पण मुलांच्या छातीवर तिचा जोर राहत नाही. शेवटी ठरली

पुढं : मी वाट बदलली.
मागं लोगोंच्या वर : तू?

वाट ह्या शब्दावर वर्गातला सगळ्यात टवाळ पोरगा काय बोलेल ते आम्ही आधीच बोलून घेतलं, वाट लागली, वाट लावली वगैरे, आणि ते कोणालाही लागणारं नाही असं ठरल्यावर पुढं गेलो. हा तपास मी आता प्रत्येक टी-शर्टच्या ओळीला करते.

छपाईत एकच सांगण्यासारखं. ओळी श्री-लिपीमध्ये टाइप केल्या तरी दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की जोडाक्षरं सुटतात, म्हणून कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचं चित्र करूनच पाठवायची. आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा वाचायचं, कारण तुटलेला श्व कर्व्ह झाला की तो तसाच तुटका छापला जातो. विश्वासमधला श्व पहिल्या फाईलीत श् आणि व असा वेगळाच आलेला, तो प्रिंटवाल्यानं नाही, काकांच्या मुलानं व्हॉट्सॲपवर बघून सांगितला.

निकाल

नवे बॅनर फेस्टच्या चार दिवस आधी लागले. काकांकडं मालक बदलले काय हा प्रश्न बंद झाला, उरलेले वीस हजार त्यांनी फेस्टच्या दुसऱ्या दिवशी दिले, आणि रस्त्यावरचा बॅनर उतरवल्यावर तो मागून घेऊन दुकानात आतल्या भिंतीला लावला. अजून आहे. फाउंड्रीवाल्यांनी त्यांची ओळ गेटजवळच्या बोर्डवर रंगवून घ्यायची परवानगी मागितली, पोरांनी आनंदानं दिली. सगळ्यात जास्त फोटो कुंद्याच्या बॅनरपुढं निघाले.

टी-शर्टचं मात्र सगळं गोड झालं नाही. छापायला टाकायच्या आदल्या दिवशी कन्नड मुलांचा एक घोळका कमिटीकडं आला. बॅनरवर दोन्ही भाषा आणि शर्टवर फक्त मराठी, असं का? त्यांचं बरोबर होतं. शर्टला कुठलाच नियम लागू नाही म्हणून आम्ही विचारच केला नव्हता, म्हणजे नियम होता तिथं दोन भाषा आणि आपल्या मर्जीनं करायचं तिथं एक. हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात वाईट वाटलेलं. त्यांनीच तीच ओळ कन्नडमध्ये दिली, "नानु दारि बदलिसिदे" आणि मागं "नीनु?" कन्नडमध्ये मी बरोबर येणारं क्रियापद मुला-मुलीला एकच असतं, त्यामुळं आम्ही ज्यात दोन दिवस घातले तो प्रश्न त्यांना पडलाच नाही.

एक रंग असल्यानं पुढची एक आणि मागची एक अशा दोनच स्क्रीन जास्त कराव्या लागल्या, खर्च फारसा वाढला नाही. पण किती कन्नड, किती मराठी हे विचारायला वेळ नव्हता. अंदाजानं ९० कन्नड आणि १५० मराठी छापले. कन्नड पहिल्याच दिवशी संपले, तीसेक मुलांना नाइलाजानं मराठी घ्यावा लागला आणि काहींनी घेतलाच नाही. शेवटी अकरा शर्ट उरले, सगळे मराठी.

परत करायचं झालं तर

स्पॉन्सरकडं दोन प्रश्न घेऊन जाणं हे पैसे मागायला जातानाच करायला पाहिजे होतं. त्याच भेटीत होतं, वेगळी फेरी लागत नाही, आणि स्पॉन्सर पण पत्रकापेक्षा ह्या बोलण्यानं जास्त मोकळा होतो असं मी नंतर दोन कॉलेजांच्या वेळी बघितलं.

बॅनरची ओळ मी आता स्पॉन्सरच्या नावासकट, कागदावर त्याच मापाच्या प्रमाणात काढून, फेस्टशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवते आणि विचारते, ह्या दुकानाचं काय झालंय? उत्तर "काय नाही, कॉलेजचं काहीतरी आहे" असं आलं तर ओळ बरोबर. "नवीन घेतलं वाटतं कोणीतरी" आलं तर परत लिहायची. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याला सकाळी विचारते, तो एका नजरेत सांगतो.

आणि टी-शर्टच्या नावनोंदणीच्या फॉर्ममध्ये साइझच्या पुढं एक रकाना वाढवलाय, कुठल्या भाषेतला पाहिजे. मागच्या वर्षी निपाणीच्या एका कॉलेजला तो वापरला, १८० शर्ट, ११२ मराठी, ६८ कन्नड, शेवटी उरले दोन.